पेटी-कॅमेऱ्यात पऱ्हाटी धुकट दिसते: भिंगाचा दोष की माझा?

नेरकडचा_मास्तर

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर विज्ञान शिकवतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या पोरांनी कुलरच्या खोक्याची अंधारपेटी केली. पुढे ५० मिमी व्यासाचं, १५ सेंमी नाभीय अंतराचं भिंग, मागे ट्रेसिंग पेपर. शाळेच्या मागं वावर आहे आणि सध्या पऱ्हाटी फुटली आहे. कागदावर उलटी पऱ्हाटी, उलटा निंब, उलटी बंडी दिसते. पोरं खूश आहेत.

माझं समाधान होत नाही. बोंडं सुटी दिसत नाहीत. पांढऱ्या कापसाभोवती दुधाळ झालर असते, चित्रावर धुवारी पडल्यासारखी. कागद पुढे-मागे सरकवला की झालर कमी-जास्त होते, पण 'इथं बसलं' असं कुठंच वाटत नाही. भिंग तीनदा पुसलं. पेटीत बाहेरचा उजेड शिरत नाही, तेही तपासलं.

भिंग एका बाजूनं सपाट, एका बाजूनं फुगीर आहे. सपाट बाजू बाहेर ठेवली, कारण ती पुठ्ठ्याला चपखल बसते आणि धूळ पुसायला बरी. पुस्तकात गोलीय विपथनावर, म्हणजे भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळण्यावर, दोन ओळी आहेत, त्यात चित्र आहे, मोजमाप नाही. हे तेच आहे का? आणि असेल तर भोकाचा पुठ्ठा लावू की सादिलातून पैसे काढून अ‍ॅस्फेरिक, म्हणजे पृष्ठभाग गोलाचा नसलेलं, भिंग मागवू?

भूषण_आर्वी

सर, तुमचं भिंग उलटं बसलं ना! फुगीर बाजू नेहमी उजेडाकडं, हा नियम पाठच करून टाका. पलटवा, झालं काम.

मंदाकाकू_वणी

अ‍ॅस्फेरिकच्या भानगडीत पडू नका असं माझं मत. मला चष्म्याच्या दुकानात अ‍ॅस्फेरिक काच घ्या म्हणून दुप्पट पैसे लावले. नंबर साडेचार प्लस. काच पातळ आहे हे खरं, डोळे मोठे दिसत नाहीत हेही खरं. पण अक्षर आधी जेवढं स्वच्छ दिसायचं तेवढंच आताही दिसतं. फसवणूक आहे की नाही, तुम्हीच सांगा.

काचघाशा

मास्तर, तुमच्या वर्णनावरून ते गोलीय विपथनच आहे. खूण अशी की झालर चित्राच्या मधोमधही आहे. मध्य स्वच्छ आणि फक्त कोपरे धुकट असते तर मी दुसऱ्या दोषाकडं बोट दाखवलं असतं.

पण माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. रात्री एखादा लांबचा एलईडी घ्या, निदान ५०-६० मीटरवरचा. ट्रेसिंग पेपर आधी भिंगाच्या जास्त जवळ धरा आणि हळूहळू मागं न्या. जवळ असताना उजेडाच्या चकतीची कड मधल्या भागापेक्षा तेजस्वी दिसेल, बांगडीसारखी. लांब गेल्यावर उलटं होईल, मधोमध टपोरा ठिपका आणि भोवती विरत जाणारी धुवारी. भिंगात फक्त फोकस चुकल्याचा दोष असता तर दोन्हीकडं सारखीच चकती दिसली असती. दोन बाजूंना दोन वेगळी रूपं दिसली की ओळख पटली समजा.

आता आकडा काढू. पुठ्ठ्याच्या एका चकतीला मध्यापासून २२ मिमीवर, समोरासमोर, ३ मिमीची दोन भोकं पाडा. दुसऱ्या चकतीला तशीच दोन भोकं मध्यापासून ८ मिमीवर. पहिली चकती भिंगावर लावली की कागदावर दोन ठिपके दिसतील. कागद सरकवत जा, जिथं दोघं एक होतात ती कडेच्या किरणांची नाभी. दुसऱ्या चकतीनं मधल्या किरणांची नाभी सापडेल. दोन्ही जागांमधलं अंतर फूटपट्टीनं मोजा. तुमच्या भिंगासाठी माझा अंदाज १३ मिमी. मग भिंग पलटवा आणि तेच करा. अंदाज ३ ते साडेतीन मिमी.

सूर्यावर करू नका. ५० मिमीचं भिंग पुठ्ठा जाळतं, हे एक. दुसरं असं की १५ सेंमीच्या भिंगात सूर्याची प्रतिमाच जवळपास दीड मिमीची येते, तिच्यात ठिपके जुळल्याचं कळणार नाही.

भूषणभाऊ, तुमचा नियम मास्तरांच्या पेटीला लागू आहे. 'नेहमी' हा शब्द मात्र काढा.

भूषण_आर्वी

काऊन काढू? मी मोबाईलचा प्रोजेक्टर केला होता, खोक्यात मोबाईल आणि पुढं असंच एका बाजूनं सपाट भिंग. उजेड मोबाईलमधून येते म्हणून फुगीर बाजू मोबाईलकडं केली. चालते ना मस्त. थोडं भुरकं दिसते, पण ते मोबाईलचा उजेड कमी असल्यामुळं.

काचघाशा

तेच सांगतो. फुगीर बाजू जिकडं किरण जवळजवळ समांतर आहेत तिकडं हवी. मास्तरांच्या पेटीत समांतर बाजू वावराकडची आहे. तुमच्या प्रोजेक्टरात मोबाईल भिंगाच्या नाभीजवळ बसला आहे आणि भिंत लांब आहे, म्हणजे समांतर बाजू भिंतीकडची. तुम्ही फुगीर बाजू मोबाईलकडं ठेवून मास्तरांची चूक उलट्या दिशेनं केली. भिंग फिरवून पाहा, भुरकेपणाचा काही भाग जाईल. सगळा नाही, कारण अख्खा मोबाईल एका भिंगातून भिंतीवर आणताना कोपऱ्यांचे दोष वेगळेच असतात.

भूषण_आर्वी

फिरवून पाहातो. पण सध्या ते भिंग पोट्ट्यानं पालापाचोळा जाळाले नेलं आहे.

कास्तकार_पोट्टा

मला हे समजलं नाही, भिंग तेच, काच तीच, नाभीय अंतर तेच. मग पलटवल्यानं एवढा फरक का पडावा?

काचघाशा

चांगला प्रश्न विचारला. गोल पृष्ठभागावर किरण जितका तिरपा पडतो तितका तो जास्त वळतो, इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण वळण तिरपेपणाच्या प्रमाणात राहत नाही. तिरपेपणा दुप्पट झाला तर वळण दुपटीपेक्षा थोडं जास्त होतं, आणि हे 'थोडं जास्त' तिरपेपणाच्या घनानं वाढतं. तोच सगळा दोष.

मास्तरांच्या भिंगाचा गोलाकार ७५ मिमी त्रिज्येचा धरू. काच नेहमीची, अपवर्तनांक १.५. अगदी कडेचा किरण घेऊ, मध्यापासून २५ मिमीवरचा. सपाट बाजू बाहेर असली तर तो सपाट काचेतून सरळ आत जातो, काही वळत नाही. मग फुगीर बाजूनं बाहेर पडताना सगळं वळण एकट्या त्या पृष्ठभागावर येतं, साडेदहा अंश. फुगीर बाजू बाहेर ठेवली तर तोच किरण आत शिरताना साडेसहा अंश वळतो आणि सपाट बाजूनं निघताना साडेतीनच्या आत. काम दोघांत वाटलं गेलं. जादा वळण घनानं वाढत असल्यामुळं, क्विंटलचं पोतं एकट्यानं उचलणं आणि दोघांनी उचलणं यात जेवढा फरक पडतो त्याहून मोठा फरक इथं पडतो.

ह्युजेन्सनं सतराव्या शतकात याचा हिशेब मांडला होता, तो आजही हाताशी ठेवावा असा आहे. भिंगाचा फुगवटा मोजायचा, म्हणजे मध्य कडेपेक्षा किती वर आहे ते. तुमच्यात तो सव्वाचार मिमीच्या आसपास भरेल. सपाट बाजू दूरच्या वस्तूकडं असेल तर कडेची नाभी मधल्या नाभीपेक्षा फुगवट्याच्या साडेचार पट अलीकडं येते. फुगीर बाजू दूरच्या वस्तूकडं असेल तर सव्वापटीहून कमी, १.१७. म्हणजे एकीकडं १९-२० मिमी आणि दुसरीकडं ५. दोन्ही बाजूंनी सारखं फुगीर असलेलं भिंग मध्ये कुठंतरी, १.६७ पट. सगळ्यात उत्तम आकार काढला तरी १.०७ च्या खाली जात नाही, म्हणून त्याच्या मागं लागू नका. १.१७ पुरे.

वर १३ आणि साडेतीन म्हटलं होतं, कारण तुमची भोकं कडेवर नसून २२ वर आहेत आणि मधली भोकं शून्यावर नसून ८ वर आहेत.

प्रकाशवेडी

कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवते, वर्ध्याला. मंदाकाकू, तुमची फसवणूक झाली असं मला वाटत नाही, पण दुकानदारानं कारण नीट सांगितलं नसावं. चष्म्यातून बघताना काचेचा जेवढा भाग एका वेळी वापरात असतो तो बाहुलीएवढा, तीन-चार मिमीचा. बाहुली स्वतःच मास्तरांच्या भोकाचा पुठ्ठा आहे. त्यामुळं चष्म्याच्या काचेत गोलीय विपथन जाणवण्याइतकं नसतंच, अ‍ॅस्फेरिकनं ते काय कमी करणार? तिथं त्या आकाराचं काम वेगळं. काच चपटी करायची म्हटली की तिरकं बघताना कडेला अक्षर फाटल्यासारखं होतं, ते आवरण्यासाठी तो आकार देतात. तुम्हाला जे मिळालं, पातळ काच आणि डोळे मोठे न दिसणं, तेच विकत घेतलं होतं.

मंदाकाकू_वणी

बरं. मग दुप्पट पैसे डोळे लहान दिसायचे होते तर. आमच्या सासूबाईंचा मोतीबिंदूनंतरचा चष्मा आठवला, बाटलीच्या बुडासारखा. दार सरळ असलं तरी त्यांना वाकलेलं दिसायचं.

नेरकडचा_मास्तर

काचघाशा काका, मोजलं. काल रात्री भावाला टॉर्च देऊन समोरच्या धुऱ्यावर उभं केलं, सत्तर पावलं. शाळेसमोरच्या खांबावरचा दिवा घेणार होतो, पण ऐन वेळेला लाईन गेली. एका अर्थी बरंच झालं, अंधार पुरता मिळाला.

सपाट बाजू बाहेर: कडेची भोकं १३५ मिमीवर जुळली, मधली १४८ वर. १३ मिमी! तुमचा अंदाज तंतोतंत. बांगडीही दिसली आणि मागं धुवारीही.

फुगीर बाजू बाहेर: इथं गोंधळ आहे. कडेची भोकं दर वेळी त्याच जागी जुळतात, अर्ध्या मिमीचा फरक. मधली भोकं मात्र एकदा २ मिमी पलीकडं, एकदा ६, एकदा ४. माझा हात हलतो का? की भिंग खराब?

काचघाशा

हात नाही, भूमिती. कडेची भोकं ४४ मिमी अंतरावर आहेत. कागद १ मिमी हलला की ठिपके एकमेकांपासून तिसरा हिस्सा मिमी सरकतात, डोळ्याला कळतं. मधली भोकं १६ मिमीवर. तिथं कागद १ मिमी हलला तर ठिपके मिमीचा दहावा भाग सरकतात. ट्रेसिंग पेपरच्या दाण्यात ते हरवतं. म्हणून मधली नाभी दोन मिमी इकडंतिकडं होणारच. दहा वेळा मोजा आणि सरासरी घ्या. पोरांना करायला द्या, प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहा. प्रदर्शनात परीक्षकाला तो फळाच दाखवा.

भिंग पलटवल्यावर चित्र कसं आहे ते सांगा.

नेरकडचा_मास्तर

फरक पडला. बोंडं सुटी दिसायला लागली. झालर आहे, पण पातळ. आता भोकाचा पुठ्ठा किती मिमीचा करू?

काचघाशा

हिशेब सांगतो, मग तुम्हीच ठरवा. कागद जिथं ठिपका सगळ्यात लहान दिसतो तिथं धरला असं समजू. सपाट बाजू बाहेर आणि पूर्ण ५० मिमी उघडं असताना तो ठिपका १.८ मिमीचा होता. पलटवल्यावर ०.४५ च्या आत. आता समोर २५ मिमीचं भोक लावा. नाभींमधलं अंतर भोकाच्या वर्गानं घटतं, म्हणजे चौथाई होईल. ठिपका मात्र घनानं घटतो, कारण शंकूही अरुंद झाला. आठवा हिस्सा. ०.०५ मिमी. उजेड चौथाई राहील, तो सौदा आहे.

म्हणून पुठ्ठा हा या दोषावरचा फार स्वस्त उपाय आहे. अर्धं भोक, आठपट फायदा. पण पोरं 'मग सुईचं भोक करू' म्हणतील. ५ मिमीच्या खाली गेलात तर उजेडाच्या पसरण्यामुळंच ठिपका ०.०४ मिमीचा होतो आणि भोक आणखी लहान केलं की वाढत जातो. त्याच्या कितीतरी आधी चित्रच दिसेनासं होईल.

टॉर्चवाला_गजू

एवढ्या उपद्व्यापापेक्षा अ‍ॅस्फेरिक लावा ना सर. माझ्या दुकानात मोठ्या टॉर्चची भिंगं पडलेली आहेत, प्लास्टिकची, एका बाजूनं सपाट, दुसरीकडून टोपीसारखी फुगीर. ती अ‍ॅस्फेरिकच असतात. अ‍ॅस्फेरिकमध्ये कुठलाच दोष राहत नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्यात उगाच टाकतात का? तुम्ही इकडं या, फुकट देतो.

काचघाशा

गजूभाऊ, भिंग द्या त्यांना, पोरांना दाखवायला उपयोगी आहे. पण 'कुठलाच दोष राहत नाही' हे तेवढं खरं नाही.

मास्तरांच्या मूळच्या मांडणीत, सपाट बाजू बाहेर असताना, दोष पूर्ण शून्य करायचा तर आतली फुगीर बाजू गोल न ठेवता अपास्ताची, म्हणजे कडेकडं चपटी होत जाणाऱ्या वक्राची, करावी लागते. देकार्तनं १६३७ मध्ये हे छापलं, आणि बगदादच्या इब्न सहलनं त्याच्या साडेसहाशे वर्षं आधी जाळणाऱ्या भिंगांसाठी असाच आकार काढला होता. मी तुमच्या भिंगासाठी आकडा काढला. मध्यात दोन्ही आकार एकच. कडेला गोल पृष्ठभाग ४.२९ मिमी खाली उतरतो, अपास्ताचा ४.०३. फरक फक्त पाव मिमी. कड पाव मिमीनं चपटी केली की २० मिमीचा दोष गेला.

वाचायला पाव मिमी सोपं वाटतं. मी दुर्बिणीचे आरसे घासतो. सहा इंची, एफ-८ च्या, म्हणजे व्यासाच्या आठपट नाभीय अंतराच्या, आरशात गोल आणि पॅराबोलामधला फरक एका मिमीच्या हजारांशाचाही पाव हिस्सा असतो, म्हणजे तुमच्या भिंगाच्या जवळपास हजारपटीनं कमी. तेवढं काढायला मला आठवडे लागतात. दोन काचा सगळ्या दिशांनी एकमेकींवर घासत राहिलं की आपोआप गोलच तयार होतो, कारण फक्त गोलच कुठंही सरकवला तरी जुळून बसतो. अपास्ताला प्रत्येक जागी वेगळी वक्रता हवी, तिथं घासण्याची ही मदत मिळत नाही. म्हणून देकार्तला यंत्र हवं होतं आणि ते नीट जमलं नाही. आज साच्यात प्लास्टिक ओततात, साचा एकदाच अचूक करायचा, म्हणून स्वस्त पडतं.

टॉर्चवाला_गजू

मग टॉर्चचंही साच्यातलंच आहे की.

काचघाशा

हो, पण तो साचा उजेड फेकण्यासाठी केलेला. झोत जवळपास समांतर निघाला की काम झालं, पृष्ठभागावर थोड्या लाटा असल्या तरी कोणाला कळत नाही. तुम्हीच करून पाहा. तेच भिंग भिंतीवर धरा आणि समोरच्या खिडकीचं चित्र घ्या.

टॉर्चवाला_गजू

पाहिलं. खिडकीचे गज वाकडे, मधोमध बरं, बाजूला शेपट्या फुटल्यासारखं. नाही जमत. पण लखलखीत आहे लय.

प्रकाशवेडी

त्या शेपट्या फक्त साच्याच्या लाटांमुळं नाहीत. अगदी अचूक अपास्ताचं भिंग घेतलं तरी ते मधोमध, अक्षावरच, निर्दोष असतं. अक्षापासून थोडं बाजूला गेलं की ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते, कारण कडेच्या भागातून येणारी प्रतिमा आणि मधल्या भागातून येणारी प्रतिमा वेगवेगळ्या आकाराची असते. तारा मधोमध ठेवून बघायचा असेल तर ते ठीक. पण आख्खं वावर बघायचं आहे.

आणि रंगाचं कोणीच बोललं नाही. काच निळ्याला लाल रंगापेक्षा जास्त वळवते. १५ सेंमीच्या साध्या भिंगात या दोन नाभींमध्ये अडीच मिमीच्या आसपास अंतर पडतं, पृष्ठभाग गोल असो की अपास्ताचा. काचघाशा काकांनी २५ मिमीच्या भोकाला गोलीय ठिपका ०.०५ काढला. त्याच भोकाला रंगाचा ठिपका ०.२ मिमी येतो, चौपट मोठा. म्हणजे २५ मिमीवर गोलीय विपथन आधीच रंगाच्या मागं गेलं. तिथं अ‍ॅस्फेरिक लावून काही हाती लागणार नाही. सादिलाचे पैसे वाचवा.

अ‍ॅस्फेरिक एकट्याचं काम जिथं उजेड पूर्ण हवा आणि रंग एकच आहे तिथं बघावं. सीडी प्लेअरच्या आत लेझरसमोर एक बारकं प्लास्टिकचं भिंग असतं, ते एकच, अ‍ॅस्फेरिक. लेझर एका रंगाचा, वाचायची जागा अक्षावरच, म्हणून एकटं पुरतं. त्यांनी सीडीच्या १.२ मिमी प्लास्टिकच्या जाडीचा हिशेबसुद्धा त्या आकारात धरलेला असतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यात मात्र असे कितीतरी थर एकामागं एक असतात, एकटं कोणीच सगळं सांभाळत नाही.

भूषण_आर्वी

म्हणजे भंगारातल्या सीडी प्लेअरचं भिंग मोबाईलवर चिकटवून तुडतुडे पाहाता येतील?

प्रकाशवेडी

येतात. बघायचा कीडा काचपट्टीखाली ठेवा, म्हणजे प्लास्टिकच्या जागी जवळपास तेवढीच काच मिळते. पण तो वेगळा धागा काढा भाऊ, इथं मास्तरांची पेटी राहू द्या.

मास्तर, आता माझी एक हरकत. काकांनी भिंग पलटवायला सांगितलं, ५० मिमी उघडं असताना ते बरोबरच. पण तुम्ही शेवटी भोक किती ठेवणार? रंग आवरायचा तर १२-१५ मिमीपर्यंत यावं लागेल. १२ मिमीला, तुमच्या मूळच्या, सपाट बाजू बाहेर मांडणीतही गोलीय ठिपका ०.०३ मिमीच्या आत येतो. म्हणजे तिथं पलटवलं काय, नाही पलटवलं काय, मधोमध फरक दिसणार नाही. उरतात कोपरे.

आणि कोपऱ्यांसाठी मूळ मांडणीच बरी. इंग्रज शास्त्रज्ञ वोलास्टननं १८१२ मध्ये पेटीसाठी जे भिंग सुचवलं त्याची खोलगट बाजू बाहेर, दृश्याकडं होती आणि भोक भिंगाला चिकटून नव्हतं, थोडं पुढं होतं. भोक पुढं नेलं की कोपऱ्याकडं जाणारे किरण भिंगाच्या वेगळ्या भागातून जातात आणि तिथली प्रतिमा कागदाच्या सपाटीजवळ येते. साधे पेटी-कॅमेरे असेच चालायचे. तुमची सपाट बाजू खोलगटाएवढी चांगली नाही, पण त्याच दिशेची आहे.

काचघाशा

मॅडम, मान्य. मी अक्षावरच बघत राहिलो. आरसेवाल्याची सवय, आम्ही मधला तारा बघतो. भोक पुढं-मागं केल्यानं मधला ठिपका बदलत नाही, कारण तिथं झोत तेवढाच रुंद राहतो, म्हणून मी जागेचा विचारच केला नाही. पण फुगीर बाजू बाहेर ठेवून भोक पुढं नेलं तर?

प्रकाशवेडी

फारसा फायदा होत नाही. त्या मांडणीत शेपटीचा दोष मुळातच जवळजवळ शून्य असतो. भोक हलवून कोपरे सुधारायचे तर भिंगात तो दोष थोडा असावा लागतो, गंमत आहे ती. खराब मांडणीकडं खेळायला दोर जास्त असतो.

नेरकडचा_मास्तर

म्हणजे मी पहिल्या दिवशी बरोबर बसवलं होतं, फक्त कारण चुकीचं होतं? हाव की नाही?

काचघाशा

अर्धं बरोबर. ५० मिमी सताड उघडं ठेवलं होतंत.

नेरकडचा_मास्तर

आज शनिवार, सकाळची शाळा. दुपारी पोरांना थांबवून दोन्ही करून पाहिलं. १२ मिमीचं भोक, सपाट बाजू बाहेर, पुठ्ठ्याची नळी करून भोक अडीच सेंमी पुढं. मधोमध बोंडं एकेक मोजता येतात. कोपऱ्यातल्या कडुलिंबाची पानं आधी लापशी होती, आता पानं आहेत असं कळतं. फुगीर बाजू बाहेर करून तेच भोक लावलं तर मध्य सारखाच, कोपरे जास्त भुरके. दोन पोरींचं म्हणणं उलटं आहे, त्यांना दुसरीकडचे कोपरे चांगले वाटले. उजेड एवढा कमी झाला आहे की डोक्यावर चादर घेतल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळं त्यांना पटवणं अवघड गेलं.

नळी साडेतीन सेंमी केली तर कोपरे काळे पडले. दीड सेंमीला फरकच कळेना. मग अडीचच का, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

प्रकाशवेडी

काळे कोपरे म्हणजे तिकडचे किरण आता भिंगाच्या बाहेर पडताहेत, काहींना पुठ्ठा अडवतो. अडीचचं नेमकं उत्तर काढता येईल, पण त्यासाठी भिंगाची जाडी आणि कागद किती रुंद आहे ते हवं. पाठवा. आणि त्या दोन पोरींना खोडू नका. कागद कुठं धरला होता ते दोन्ही वेळी लिहिलं का? मध्य नीट बसवला की कोपरा थोडा पुढं बसतो, कागद दोन मिमी पुढं असेल तर त्यांचं म्हणणं खरं असू शकतं.

नेरकडचा_मास्तर

नाही लिहिलं. सोमवारी लिहितो.

मंदाकाकू_वणी

परीक्षकांना चादरीखाली घालणार आहात का सगळ्यांना?

नेरकडचा_मास्तर

काकू, तीन चकत्या ठेवणार आहे, ५०, २५ आणि १२ मिमीच्या. ५० ला उजेड भरपूर आणि धुवारी, १२ ला चादर. परीक्षक लठ्ठ असतील तर २५.